सलामापासून मिठीपर्यंत

स्पॅनिशचे दोन-तीन स्तर पूर्ण करून नोकरीला लागलेला मराठी तरुण पहिला कामाचा ई-मेल लिहायला बसतो, तेव्हा इंग्रजीतलं ‘डिअर’ त्याच्या बोटांवर तयारच असतं. शब्दकोशात त्यासमोर ‘केरिदो’ हा शब्द दिसतो. मग स्पेनमधल्या ज्या व्यवस्थापकाला त्याने कधी पाहिलेलं नाही, त्याला ‘केरिदो सेन्योर’ असा मायना जातो. वाचणारा रागावत नाही, परकी व्यक्ती लिहिते आहे हे त्याला कळतं. पण पहिल्याच ओळीवर तो थबकतो. कारण ‘केरिदो’ हा मायेचा शब्द आहे. आई मुलाला, जुना मित्र मित्राला, मावशी भाचीला तो लिहिते. इंग्रजीत ‘डिअर’मधली माया वापरून वापरून झिजून गेली, स्पॅनिशमध्ये ‘केरिदो’ अजून तसा झिजलेला नाही.

अनोळखी माणसासाठी शब्द आहे ‘एस्तिमादो’, आणि बाईंना लिहायचं तर ‘एस्तिमादा’. त्यात मान आहे, अंतर आहे आणि कुणालाही खटकेल असं काही नाही. ‘एस्तिमादो’ आणि ‘केरिदो’ या दोन टोकांच्या मधे ‘बुएनोस दिआस’ म्हणजे सुप्रभात आणि साधं ‘ओला’ येतं. मेलच्या शेवटीही अशीच उतरण असते. सगळ्यात वर कोरडं ‘आतेन्तामेन्ते’, मग ‘उन कोर्दियाल सालुदो’, मग नुसतं ‘उन सालुदो’ म्हणजे एक नमस्कार, त्याखाली ‘उन आब्रासो’ म्हणजे एक मिठी, आणि अगदी जवळच्यांसाठी ‘उन बेसो’, एक पापा. स्पॅनिश ज्यांची मातृभाषा आहे, त्यांचा हात या पायऱ्यांवर आपोआप पडतो. परक्याला मात्र त्या एकेक करून पाहाव्या लागतात.

मराठी वाचकाला मायन्याचं हे बारीक गणित नवं नाही. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्या भावाला ‘चिरंजीव’, परक्या गृहस्थाला ‘श्रीयुत’ हे मागच्या पिढीला शाळेतच पाठ करावं लागे. फरक असा, की मराठी मायना नात्यावर आणि वयावर ठरायचा आणि एकदा ठरला की जन्मभर बदलायचा नाही. वडिलांशी भांडण झालं तरी ते तीर्थरूपच. स्पॅनिश मायना चालता असतो. दोन अनोळखी माणसं ‘एस्तिमादो’पासून सुरुवात करतात आणि चार-सहा मेलनंतर कुठल्या तरी वेगळ्याच पायरीवर उभी असतात. त्यांचा पत्रव्यवहार वरून खाली चाळला आणि फक्त पहिल्या-शेवटच्या ओळी वाचल्या, तरी नातं कुठे उबदार झालं आणि कुठे गारठलं ते दिसतं.

हे नीट समजण्यासाठी एक पत्रव्यवहार कल्पू या. पुण्यात टाइल्स आयात करणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात अदिती सुरेश कुलकर्णी काम करते. पूर्व स्पेनमधला कास्तेयोन प्रांत हे त्या देशाच्या टाइल उद्योगाचं केंद्र. तिथल्या एका कारखान्यात निर्यात विभाग सांभाळणाऱ्या बाईंचं नाव धरू मार्ता लोपेस रुइस. अदिती पहिल्यांदाच लिहिते आहे, तिला कॅटलॉग आणि दरपत्रक हवं आहे. तिच्या मेलचा मायना आणि शेवट असा असायला हवा:

```
Estimada Sra. López:
...
Un cordial saludo,
Aditi Kulkarni
```

या चार ओळींत चुकण्याच्या बऱ्याच जागा आहेत, आणि त्यातली पहिली आडनावाची. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात. परंपरेने पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. मायन्यात पहिलं घ्यायचं. म्हणून सेन्योरा लोपेस. सेन्योरा रुइस म्हटलं तर तिला तिच्या आईच्या माहेरच्या नावाने हाक मारल्यासारखं होतं. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, ही आपली सवय इथे दगा देते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची पुस्तकं ग्रंथालयात ‘गार्सिया’खाली लावतात ती याचसाठी. स्पेनमध्ये 2017च्या मध्यापासून मुलाच्या जन्मनोंदणीच्या वेळी आडनावांचा क्रम आईवडिलांनी ठरवायचा असतो. वडिलांचं आपोआप पुढे येत नाही. तरी मेल लिहिणाऱ्याचा नियम तोच राहतो: जे पहिलं आहे ते. पाब्लो रुइस पिकासो या चित्रकाराने आईचं आडनाव जगभर गाजवलं, पण ती त्याची निवड. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ती निवड आपण करायची नसते.

उलट दिशेनेही हीच गफलत होते, आणि मराठी माणसासाठी ती जास्त कामाची. अदितीने मेलखाली पूर्ण नाव लिहिलं असतं, ‘अदिती सुरेश कुलकर्णी’, तर मार्ताने स्वाभाविकपणे ‘सुरेश’ हे पहिलं आडनाव धरलं असतं आणि ‘सेन्योरा सुरेश’ असं उत्तर आलं असतं. वडिलांचं नाव मधे घालण्याची आपली पद्धत स्पॅनिश डोळ्यांना अगदी त्यांच्याच पद्धतीसारखी दिसते. म्हणून सहीत नाव आणि आडनाव एवढंच ठेवावं.

‘सेन्योर’, ‘सेन्योरा’ हे आडनावाला लागतात. नुसत्या नावाला मान द्यायचा असेल तर ‘दोन’ आणि ‘दोन्या’ आहेत: दोन लुईस, दोन्या मार्ता. वयाने मोठ्या ओळखीच्या माणसासाठी ते शोभतात. ‘सेन्योरिता’ हा अविवाहित मुलीसाठीचा शब्द कामाच्या मेलमध्ये टाळावा. समोरच्या बाईंचं लग्न झालं आहे की नाही, हा पुरवठ्याचा प्रश्न नव्हे. सरसकट ‘सेन्योरा’च बरं.

मग येतो लिंगाचा प्रश्न, कारण ‘एस्तिमादो’ लिहायचं की ‘एस्तिमादा’ हे ठरवल्याशिवाय पहिला शब्दच पुरा होत नाही. ओकारान्त नाव पुरुषाचं, आकारान्त नाव बाईचं, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो आणि नेमका महत्त्वाच्या वेळी फसतो. रोसारियो, कोन्सुएलो, आम्पारो ही बायकांची नावं आहेत. जोडनावांत पहिला शब्द निर्णायक: होसे मारिया हा पुरुष, मारिया होसे ही स्त्री. 1996 ते 2004 या काळात स्पेनचे पंतप्रधान असलेले आस्नार हे होसे मारिया. शंका असेल तर मायन्यात ‘बुएनोस दिआस’ लिहावं. त्याला लिंग लागत नाही. दुपारच्या जेवणानंतर मेल जात असेल तर ‘बुएनास तार्देस’.

आपल्या नावांचं तिकडे काय होतं, तेही लक्षात घ्यायला हवं. आदित्य, कृष्णा, राजेंद्र ही नावं रोमन लिपीत ‘ए’ने संपतात, तेव्हा स्पॅनिश वाचकाला ती बाईची वाटू शकतात. ‘एस्तिमादा आदित्य’ असं उत्तर आलं तर त्यात अपमान शोधू नये. पुढच्या मेलमध्ये स्वतःबद्दलचं एखादं विशेषण पुल्लिंगी वापरलं की समोरचा समजतो. ‘आभारी आहे’ला पुरुष ‘आग्रादेसिदो’ लिहितो आणि बाई ‘आग्रादेसिदा’, तेवढं पुरतं.

आता मायन्याच्या शेवटचं चिन्ह. इंग्रजीत तिथे स्वल्पविराम येतो. स्पॅनिशमध्ये अपूर्णविराम हवा, म्हणजे एकाखाली एक दोन टिंबं, आणि त्यानंतर नव्या ओळीवर मोठ्या अक्षराने सुरुवात. 1713 मध्ये स्थापन झालेली रॉयल स्पॅनिश अकादमी आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांत हे स्पष्ट सांगते आणि स्वल्पविराम ही इंग्रजीची नक्कल मानते. स्पेनमधल्या कचेऱ्यांतही स्वल्पविराम सर्रास दिसतो, हेही खरं. तरी परक्याने अपूर्णविरामच द्यावा. भाषा मनापासून शिकलेला माणूस लिहितो आहे, एवढं त्या दोन टिंबांवरून कळतं.

दुसऱ्या दिवशी मार्ताचं उत्तर येतं:

```
Buenos días, Aditi:
Te adjunto el catálogo.
...
Un saludo,
Marta
```

मजकूर म्हणजे ‘कॅटलॉग सोबत जोडते आहे’ एवढाच. पण एका उत्तरात मार्ता चार ठिकाणी खाली उतरली आहे. आडनाव सोडून तिने नाव घेतलं. ‘एस्तिमादा’ गेलं आणि सुप्रभात आलं. ‘उन कोर्दियाल सालुदो’तलं विशेषण गळून नुसता सालुदो उरला, आणि सहीतून आडनाव गेलं. सगळ्यात मोठा बदल मात्र दोन अक्षरी ‘ते’मध्ये आहे. ती परक्यासारखी लिहिती, तर ‘ले आदखुन्तो’ असं लिहिती. ‘ते’ लिहिलं याचा अर्थ ती अदितीला ‘तू’ म्हणते आहे.

स्पॅनिशमधला ‘तू’ हा उच्चाराने आणि अर्थाने थेट मराठी ‘तू’ आहे, आणि म्हणूनच मराठी माणसाला तो चकवतो. आपल्याकडे वरिष्ठाला ‘तू’ म्हणणं म्हणजे भांडण. स्पेनमध्ये कचेरीतला शिकाऊ मुलगा विभागप्रमुखाला ‘तू’ म्हणतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आदरार्थी ‘उस्तेद’ तिथे आता वृद्ध, अनोळखी ग्राहक, न्यायालय आणि औपचारिक पत्रं यांच्यापुरता बराचसा उरला आहे. तेव्हा मार्ताने ‘ते’ लिहिलं, यात अदितीला कमी लेखलेलं नाही. उलट, आपण सारख्या पातळीवर बोलू, असा तो प्रस्ताव आहे. काही जण तो शब्दांतही मांडतात: ‘सि ते पारेसे, नोस तुतेआमोस’, तुला चालणार असेल तर एकमेकींना ‘तू’ म्हणू. बरेच जण न विचारताच सुरुवात करतात.

अदितीने पुढे काय करावं? मार्ता ज्या पायरीवर आली तिथे जावं, त्याखाली जाऊ नये. म्हणजे मायना ‘ओला, मार्ता:’ किंवा ‘बुएनोस दिआस, मार्ता:’, मजकुरात ‘तू’ची रूपं आणि शेवटी ‘उन सालुदो’. ‘ओला’नंतरचा स्वल्पविराम अकादमीला हवा असतो, पण मार्ता स्वतः तो देईलच असं नाही. अदिती ‘एस्तिमादा सेन्योरा लोपेस’वरच अडून राहिली, तर तो नम्रपणा वाटत नाही. मार्ताने पुढे केलेला हात धरायचा नाही, असं त्यातून दिसतं. सगळ्यात विचित्र दिसते ती सरमिसळ: मायन्यात ‘ओला, मार्ता’, मजकुरात ‘उस्तेद’ आणि शेवटी ‘आतेन्तामेन्ते’. स्पॅनिश क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ एकाच मेलमध्ये आले की प्रत्येक वाक्यात खडा लागतो. मेल पाठवण्यापूर्वी ‘ले’ आणि ‘ते’, ‘सु’ आणि ‘तु’ ही जोडपी एकदा शोधून घ्यावीत. बहुतेक घोळ तिथेच सापडतो.

मेलच्या शेवटच्या ओळीलाही स्वतःचं व्याकरण आहे, आणि ते बघण्यासारखं आहे. ‘उन सालुदो’मध्ये क्रियापद नाही, म्हणून त्यानंतर स्वल्पविराम आणि खाली नाव. ‘तुला नमस्कार पाठवते’ असं प्रथमपुरुषी पूर्ण वाक्य लिहिलं, तर ते पूर्णविरामाने संपवायचं. पण ‘ले सालुदा आतेन्तामेन्ते’ या जुन्या औपचारिक शेवटात क्रियापद तृतीयपुरुषी आहे: ‘आपणांस आदरपूर्वक नमस्कार करते’, आणि करणारी कोण? खाली सही करणारी. सही हाच वाक्याचा कर्ता. म्हणून तिथे कुठलंच विरामचिन्ह येत नाही. वाक्य सहीपर्यंत वाहतं. चे गेवाराने 1965 साली फिदेल कास्त्रोला लिहिलेलं निरोपाचं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मायना म्हणजे फक्त ‘फिदेल’ आणि अपूर्णविराम, आणि शेवटी ‘ते आब्रासा’ म्हणजे ‘तुला मिठी मारतो’ हे तृतीयपुरुषी क्रियापद, ज्याचा कर्ता ‘चे’ ही सही आहे. हा जुना साचा आणि ‘उन आब्रासो’ यांचं नातं त्या एका पत्रात दिसतं.

एके काळी हा शेवट याहून किती तरी लांब असे. एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश पत्रांखाली ‘आपला विश्वासू सेवक, जो आपल्या हाताचं चुंबन घेतो’ असं लिहीत, आणि ते इतकं नित्याचं होतं की नुसती आद्याक्षरं पुरत. सेवकभाव आणि हस्तचुंबन दोन्ही गेले. ‘सिन ओत्रो पार्तिकुलार’, म्हणजे ‘अन्य काही विशेष नाही’, हे त्या काळातलं उरलेलं एक वाक्य अजून सरकारी आणि कायदेशीर पत्रांत भेटतं. सरकारी भाषाही सैलावली आहे. मंत्र्यांना लावायची ‘एक्सेलेन्तिसिमो’सारखी बिरुदं स्पेन सरकारने 2005 मध्ये स्वतःच बाजूला केली, तेव्हापासून मंत्रीही अधिकृतपणे ‘सेन्योर’ किंवा ‘सेन्योरा’.

अदिती आणि मार्ताचा व्यवहार पुढे सरकतो. नमुने येतात, पहिला कंटेनर ठरतो, दोन-तीनदा व्हिडिओ कॉल होतो. मेल आता ‘ओला, अदिती:’ने सुरू होतात. मग अदिती व्हॅलेन्सियातल्या टाइल प्रदर्शनाला जाते, मार्ताबरोबर जेवते, तिच्या मुलांचे फोटो बघते. परतल्यावर पहिलाच मेल येतो त्याखाली असतं: ‘उन आब्रासो’. स्पेनच्या मोठ्या भागात त्याचा उच्चार ‘आब्राथो’ होतो. प्रत्यक्ष भेट हा इथला ठरलेला उंबरठा आहे. एकत्र जेवलेल्या दोन माणसांमध्ये ‘सालुदो’ थोडा आखडता वाटू लागतो.

‘मिठी’ हा शब्द मराठी मनाला दचकवतो, विशेषतः पुरुषाने बाईला किंवा बाईने पुरुषाला लिहायचा असेल तेव्हा. तसं बिचकायचं कारण नाही. ‘उन आब्रासो’ म्हणजे ‘आपण आता परके नाही’, एवढंच. दोन पुरुषांमध्ये तो सगळ्यात मोकळेपणाने चालतो आणि त्यातही छटा आहेत: ‘उन आब्रासो’ नेहमीचा, ‘उन फुएर्ते आब्रासो’ म्हणजे घट्ट मिठी, जुन्या मित्राला किंवा काही मोठं घडल्यावर. ‘उन बेसो’ आणि ‘बेसोस’ मात्र वेगळे. स्पेनमध्ये बाई आणि बाई, किंवा बाई आणि पुरुष, भेटताना गालाला गाल लावून दोन पापे देतात. तीच रीत लेखनात उतरली आहे. त्यामुळे मार्ता आपल्या कचेरीतल्या मैत्रिणीला सहज ‘उन बेसो’ लिहील, पण दोन स्पॅनिश पुरुष सहसा ‘आब्रासो’वरच थांबतात, मग ते सख्खे मित्र का असेनात, बापलेक, भाऊभाऊ हा अपवाद. कामाच्या मेलमध्ये ‘बेसो’ची सुरुवात आपण करू नये. समोरून आला आणि मनाला पटला तर परतफेड करावी, नाहीतर ‘आब्रासो’वर राहावं. कुणी त्याचा वेगळा अर्थ लावत नाही.

घाईत लिहिणारे याची लघुरूपं करतात. ‘बेसोस’चं `Bss` होतं. ‘सालुदोस’मधला ‘दोस’ म्हणजे दोन, म्हणून `Salu2`. ही मोबाईलवरच्या संदेशांची पोरकट मजा. कामाच्या मेलमध्ये नको.

उतरण सोपी असते, कसोटी लागते ती चढावर. समजा, तिसऱ्या कंटेनरमधल्या टाइल्सच्या रंगछटेत फरक निघतो आणि अदितीची कंपनी पैसे अडवून ठेवते. मार्ताचा मेल येतो. मायना अजून ‘ओला, अदिती:’च आहे, तक्रारीची एकही कडू ओळ नाही, पण शेवटी ‘उन आब्रासो’च्या जागी ‘सालुदोस’ आहे. एरवी ‘सालुदोस’ हा निरुपद्रवी शब्द. दोन अनोळखी माणसांमध्ये तो साधा असतो, मिठीनंतर आला की तो खिडकी लावून घेतल्यासारखा वाटतो. पुढच्या मेलमध्ये ‘एस्तिमादा अदिती:’ असा मायना आला, तर प्रकरण मार्ताच्या वरिष्ठांपर्यंत गेलं असं समजावं. कदाचित तेही तो मेल वाचत असतील. आणि ‘एस्तिमादा सेन्योरा कुलकर्णी’, ‘उस्तेद’, ‘आतेन्तामेन्ते’ अशी तिन्ही एकदम आली, तर तो मेल मार्ताने एकटीने लिहिलेला नाही. तो फाइलला लावण्यासाठी लिहिला आहे, आणि अदितीने आपल्या कायदा सल्लागाराला दाखवलेला बरा.

हा चढ ओळखता आला पाहिजे, कारण स्पॅनिश माणूस नाराजी नेहमीच मजकुरात सांगत नाही. उलट, घाईत नुसतं नाव लिहून संपवलेल्या एखाद्या मेलवरून निष्कर्षही काढू नये. एकाच दिवशी पाच मेल झाले, तर दुसऱ्या-तिसऱ्यापासून मायना आणि शेवट दोन्ही गळतात. गळणं आणि बदलणं यात फरक आहे. नेहमीच्या जागी मुद्दाम दुसरा, वरच्या पायरीचा शब्द आला, तरच तो बोलतो.

पायऱ्या एकदम ओलांडण्याची मुभा देणारा एक प्रसंग आहे: मृत्यू. ज्याच्याशी ‘उन कोर्दियाल सालुदो’पलीकडे कधी गेलो नाही, त्याच्या घरी कुणी गेल्याचं कळलं, तर सांत्वनाच्या दोन ओळींखाली ‘उन आब्रासो’ लिहितात. ‘उस्तेद’ तसाच ठेवूनही लिहितात. तिथे ‘आतेन्तामेन्ते’ लिहिणं मात्र जिव्हारी लागतं. महिन्याभराने कामाचा मेल पुन्हा ‘सालुदो’वर गेला, तरी त्याचं कुणी वाईट मानत नाही. दुःखातली जवळीक त्या दुःखापुरती होती, हे दोघांनाही ठाऊक असतं.

अनेकांना एकच मेल पाठवायचा असेल, तर आणखी एक गुंता उभा राहतो. परंपरेने ‘एस्तिमादोस’ हे पुल्लिंगी अनेकवचन स्त्री-पुरुष दोघांना धरून असतं. ते आज अनेकांना, विशेषतः विद्यापीठांत आणि सामाजिक संस्थांत, खटकतं. म्हणून ‘एस्तिमादास इ एस्तिमादोस’ असं दोन्ही लिहितात, किंवा शेवटचा स्वर काढून तिथे चिन्ह घालतात: `Estimad@s`, `Estimadxs`. अकादमीला ही रूपं मान्य नाहीत, आणि ती उच्चारताही येत नाहीत. स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरवर अंध वाचक विसंबतात, ते तिथे अडखळतं. वाद मोठा आहे आणि परक्याने त्यात पहिल्या ओळीतच उडी घेऊ नये. ‘एस्तिमादो एकिपो:’ म्हणजे ‘सन्माननीय चमू’, किंवा साधं ‘बुएनोस दिआस:’, यात कुणीच सुटत नाही.

आतापर्यंतचं सगळं स्पेनबद्दल झालं. अटलांटिक ओलांडला की पायऱ्यांची उंची बदलते. मेक्सिकोत पदवी हा नावाचा भागच असतो. पदवीधर माणूस ‘लिसेन्सियादो’, अभियंता ‘इन्खेनिएरो’, आणि मेलमध्ये ते `Lic.`, `Ing.` असं आडनावाआधी लागतं. पदवी वगळून नुसतं ‘सेन्योर’ म्हटलं तर थोडं कमी मोजल्यासारखं होतं, म्हणून समोरच्याची सही नीट पाहावी. पदवी तिथेच लिहिलेली असते. ‘आतेन्तामेन्ते’ही तिथे स्पेनइतका कोरडा लागत नाही, रोजचा आहे. चिलीत ‘एस्तिमादो’ इतका सैल झाला आहे, की शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही तो लिहितात आणि कचेरीतल्या सामूहिक मेलची सुरुवात नुसत्या ‘एस्तिमादोस:’ने होते. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ आहे, आणि तिथे मित्राला मेल संपवताना ‘उन’ सुद्धा गळून नुसतं ‘आब्रासो’ उरतं. तिथले पुरुष भेटताना एकमेकांच्या गालाला गाल लावतात, त्यामुळे स्पेनमध्ये दोन पुरुषांमध्ये दिसणारा ‘बेसो’चा संकोचही तिथे कमी.

आणि कोलंबियात वरची सगळी उतरणच वेगळी आहे. तिथल्या कित्येक भागांत ‘उस्तेद’ म्हणजे अंतर नव्हे. भाऊ भावाला, नवरा बायकोला, आई मुलाला ‘उस्तेद’ म्हणते. अदितीने उद्या बोगोतातल्या पुरवठादाराशी व्यवहार सुरू केला आणि मार्ताच्या अनुभवावरून ‘तू’ येण्याची वाट पाहत राहिली, तर तो कदाचित कधीच येणार नाही. वर्षभराने, दोन भेटींनंतरही ‘उस्तेद’ची क्रियापदं तशीच राहतील आणि त्याखाली ‘उन आब्रासो’ असेल. ते सरमिसळ समजून दुरुस्त करायला जाऊ नये. उत्तरही तसंच द्यावं, ‘उस्तेद’ ठेवून, ‘उन आब्रासो’ लिहून.